सर्दीचा नववा दिवस, हिरवा शेंबूड आणि अँटिबायोटिकचा प्रश्न

प्रश्न: आज सर्दीचा नववा दिवस. नाक अजून चोंदलेलंच आहे, शेंबूड पिवळा-हिरवा येतोय, गाल आणि भुवयांमधली जागा जड वाटते. ताप पहिले दोन दिवस होता, आता नाही. मागच्या वेळी असंच झालं होतं तेव्हा अँटिबायोटिक घेतल्यावर तीन दिवसांत बरं वाटलं. हे सायनसचं इन्फेक्शन व्हायरल आहे की बॅक्टेरियल हे कसं ओळखायचं, आणि नाक किती दिवस चोंदलेलं राहिलं तर अँटिबायोटिक घ्यावं?

उत्तर:

आज अँटिबायोटिक सुरू करू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत जंतुसंसर्गाकडे, म्हणजे जीवाणूंच्या संसर्गाकडे, निश्चित बोट दाखवेल असं एकही लक्षण नाही. आणि ज्या एका गोष्टीवरून निर्णय होतो तीच नेमकी राहून गेली आहे: पाचव्या दिवशी तुम्ही कसे होतात आणि आज कसे आहात? थोडं का होईना, पण बरं वाटतंय, की आहे तिथेच अडकलंय, की मध्ये बरं वाटून पुन्हा बिघडलंय? या तीन उत्तरांवरून पुढच्या तीन वेगळ्या वाटा फुटतात. शेंबडाचा रंग, नाक किती गच्च आहे, गाल किती जड आहेत, यावरून त्या फुटत नाहीत.

ही दिशा एवढी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी आत काय घडतं ते पाहू. गालाच्या हाडात, डोळ्यांच्या मधल्या बाजूला आणि कपाळात हवेच्या पोकळ्या असतात, त्या म्हणजे सायनस. नाकाच्या आत जे ओलसर अस्तर असतं तेच अखंडपणे या पोकळ्यांतही पसरलेलं असतं. त्यामुळे सर्दीचा विषाणू नाकात शिरला की सायनसही सुजतात. नाकाला सर्दी आणि सायनस मात्र कोरडे ठणठणीत, असं सहसा होत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधी, ताजी सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचे सीटी स्कॅन काढले गेले. त्यातल्या २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये दोष दिसला. त्यांच्यापैकी काहींचे स्कॅन साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा काढले, तेव्हा अँटिबायोटिक न घेताही बहुतेकांचे सायनस स्वच्छ झालेले किंवा बरेच सुधारलेले होते. म्हणून सर्दीच्या पहिल्या आठवड्यात काढलेल्या एक्स-रेवर किंवा स्कॅनवर 'सायनुसायटिस' असं लिहून आलं तरी घाबरू नका. विषाणूमुळेही तस्संच चित्र दिसतं आणि जीवाणूमुळेही. गुंतागुंतीची शंका नसेल तर अशा वेळी मी स्कॅन काढायला सांगतच नाही.

आता रंगाचं. हिरवा शेंबूड म्हणजे 'इन्फेक्शन पिकलं' हा समज इतका घट्ट बसलाय की रुमाल उघडून दाखवणारे रुग्ण मला रोज भेटतात. हा हिरवा रंग जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. विषाणूशी लढायला ज्या पेशी नाकात धावून येतात त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एक एन्झाइम असतं, आणि ते मुळातच हिरवट असतं. पेशी जितक्या जास्त आणि शेंबूड जितका वेळ आत साचून राहिलेला, तितका रंग गडद. म्हणून सकाळी पहिल्यांदा नाक शिंकरल्यावर हिरवा गोळा येतो आणि दुपारपर्यंत तोच पांढरट होतो. साध्या विषाणूजन्य सर्दीतही शेंबूड आधी पाण्यासारखा, मग घट्ट, पिवळा-हिरवा, आणि जाताना पुन्हा पातळ, पांढुरका असा बदलत जातो. फक्त रंगावरून अँटिबायोटिक सुरू करायचं ठरवलं तर जवळजवळ प्रत्येक सर्दीला ते द्यावं लागेल. प्रौढांमध्ये शंभर सर्दींपैकी फार तर दोनांचं रूपांतर जीवाणूंच्या सायनुसायटिसमध्ये होतं. मुलांमध्ये हे प्रमाण जास्त असतं, पण तिथेही बहुतेक सर्दी आपोआपच बऱ्या होतात.

मग त्या दोघांत जीवाणू शिरतात तरी कसे? खरं तर ते बाहेरून शिरत नाहीत. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, मोराक्सेला हे जीवाणू अनेकांच्या नाकाच्या मागच्या भागात एरवीही मुक्कामाला असतात आणि त्रास देत नाहीत. गालाच्या सायनसमधून नाकात उघडणारं छिद्र तळाशी नसून वर, छताजवळ असतं. उभं राहून पाणी वाहून जावं तसा तिथला स्राव आपोआप बाहेर पडू शकत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस, ज्यांना आम्ही सिलिया म्हणतो, ते एका लयीत हलत राहतात आणि स्राव चढावर ढकलत त्या छिद्रापर्यंत नेतात. विषाणू दोन गोष्टी बिघडवतो. छिद्राभोवतीचं अस्तर सुजवून वाट बंद करतो आणि सिलियांची हालचाल मंदावतो. स्राव आतच साचतो, आतली हवा कमी होते आणि या साचलेल्या स्रावात जीवाणूंना वाढायला वाव मिळतो. पण हे सगळं व्हायला काही दिवस जावे लागतात. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गच्च सर्दी ही बहुतेक वेळा निव्वळ विषाणूचीच असते, आणि खरा जंतुसंसर्ग असेल तर तो साधारण आठवड्यानंतर आपलं रूप दाखवतो. दिवस मोजण्याला अर्थ आहे तो यामुळे.

साध्या सर्दीचा प्रवास साधारण असा असतो. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, अंग मोडून येतं, शिंका येतात. ताप आलाच तर तो याच सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत येतो आणि उतरतो. ताप उतरता उतरता नाकाचा त्रास वाढतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास तो शिगेला पोहोचतो: नाक पूर्ण चोंदतं, चव-वास जातो, वाकलं की कपाळ जड होतं, कानांत दडे बसतात. तिथून पुढे उतार लागतो. सात ते दहा दिवसांत बहुतेकांना बरं वाटतं, पण 'बरं वाटणं' आणि 'सगळं जाणं' यात फरक आहे. साधारण चौघांपैकी एकाला चोंदलेपणा किंवा खोकला दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. नवव्या दिवशी नाक चोंदलेलं असणं यात वावगं काहीच नाही, फक्त ते पाचव्या दिवसापेक्षा कमी चोंदलेलं असायला हवं.

जंतुसंसर्गाचा विचार आम्ही तीन प्रसंगी करतो. पहिला, लक्षणं सुरू होऊन दहा दिवस पूर्ण झाले आणि काहीच सुधारणा नाही. इथे जोर 'दहा'वर नाही, 'काहीच सुधारणा नाही' यावर आहे. अकराव्या दिवशी नाक चोंदलेलं आहे पण गेल्या तीन दिवसांत झोप नीट लागायला लागली, शेंबूड कमी झाला, गालाचा जडपणा गेला, तर हा प्रसंग लागू होत नाही. शिवाय दहा दिवस झाले म्हणजे जीवाणू आहेतच असंही समजू नका. अशा रुग्णांच्या सायनसमध्ये सुई घालून स्राव तपासला गेला, तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त जणांमध्येच जीवाणू सापडले.

दुसरा प्रसंग मला स्वतःला सगळ्यात भरवशाचा वाटतो. सर्दी पाच-सहा दिवसांत नेहमीसारखी उतरणीला लागते, माणूस कामाला जायला लागतो, आणि मग एकदम उलटते. पुन्हा ताप, पुन्हा डोकेदुखी, शेंबूड आधीपेक्षा जास्त. याला आम्ही दुहेरी आजारपण म्हणतो. इथे दहा दिवस थांबून बसायची गरज नसते. डॉक्टरांना तेव्हाच भेटावं.

तिसरा प्रसंग कमी दिसतो. सुरुवातच जोरदार होते: १०२ फॅरनहाइट म्हणजे ३९ सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, आणि त्याच्या जोडीला पुवासारखा शेंबूड किंवा चेहऱ्याचं तीव्र दुखणं, आणि हे सलग तीन-चार दिवस. साध्या सर्दीत ताप आणि घट्ट हिरवा शेंबूड एकाच वेळी इतके दिवस सहसा टिकत नाहीत. आधी ताप येऊन जातो, मग रंग येतो. तुमच्या बाबतीत ताप पहिल्या दोन दिवसांतच गेला, म्हणजे हा प्रसंग नाही.

एकाच घरातल्या दोघांचं उदाहरण देतो, कारण विषाणू एकच असूनही वाटा कशा वेगळ्या होतात ते त्यात स्वच्छ दिसतं. लहान मुलाकडून नवरा-बायको दोघांनाही एक-दोन दिवसांच्या अंतराने सर्दी लागली. दोघंही एकत्र माझ्याकडे आले. बायकोचा नववा दिवस होता, नवऱ्याचा आठवा. बायको जास्त काळजीत होती. तिचा शेंबूड दोन्ही बाजूंनी गडद हिरवा होता, आवाज बसलेला, आणि पाण्याच्या वाफेनेही नाक मोकळं होत नव्हतं. नवरा म्हणत होता, 'मला तिच्यापेक्षा कमी आहे, मी फक्त सोबत आलोय.'

मी दोघांनाही एकच काम दिलं: प्रत्येक दिवस आठवून दहापैकी किती त्रास होता ते सांगा. बायकोचे आकडे पाचव्या दिवशी आठ, सहाव्याला आठ, सातव्याला सात, आठव्याला सहा आणि आज सहा असे आले. रात्री दोनदा उठावं लागायचं, आता एकदाच उठते, असंही तिने सांगितलं. ताप दुसऱ्या दिवसानंतर नव्हता. म्हणजे हिरवा रंग असूनही ती उतरणीवर होती. नवऱ्याचे आकडे चौथ्या दिवशी सात, पाचव्याला पाच, सहाव्याला तीन असे आले. सहाव्या दिवशी तो कामावर गेला. सातव्या संध्याकाळी कणकण आली, रात्री ताप १०१ च्या वर गेला. आज त्रास आठ. नाक शिंकरलं की फक्त डावीकडून घट्ट पिवळं येत होतं. डावा गाल ठणकत होता आणि वरच्या डाव्या दाढा दातांवर दात ठेवला तरी दुखत होत्या. 'दाताच्या डॉक्टरकडे जाणार होतो' म्हणाला. गालाच्या सायनसचा तळ म्हणजेच वरच्या दाढांच्या मुळांचं छत असतं, त्यामुळे त्या सायनसमध्ये पू साचला की दाढा दुखतात. दाढेच्या मुळाशी संसर्ग असेल तर उलट दिशेनेही हेच होऊ शकतं, म्हणून मी त्याचे दात ठोकून, हिरड्या दाबून पाहिलं. एकच दाढ विशेष दुखत नव्हती, शेजारच्या तीन-चारही सारख्याच दुखत होत्या. नाकात दुर्बिणीतून पाहिलं तर डाव्या बाजूला सायनस जिथे उघडतात त्या खाचेतून पू ओघळताना दिसत होता. उजवी बाजू फक्त सुजलेली होती.

बायकोला अँटिबायोटिक दिलं नाही. नाक मिठाच्या पाण्याने धुणं, दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि रोज एक आकडा लिहून ठेवणं, एवढंच. तेराव्या दिवशी तिचा आकडा दोन होता. नवऱ्याला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सात दिवसांसाठी दिलं आणि सांगितलं की ७२ तासांत काहीच फरक पडला नाही किंवा त्याआधी बिघडलं तर परत ये, कारण मग औषध बदलावं लागतं किंवा निदान तरी पुन्हा तपासावं लागतं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, दाढा दुखायच्या थांबल्या. नाक मात्र आणखी आठवडाभर थोडं चोंदलेलं राहिलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण अँटिबायोटिक चालू असताना नाक लगेच मोकळं होत नाही म्हणून लोक घाबरतात. जीवाणू मेले तरी सुजलेलं अस्तर उतरायला आणि सिलिया पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

एकतर्फी ठणका आणि वरच्या दाढांचं दुखणं यांनी संशय वाढतो, पण एकट्याने निकाल लागत नाही. तुम्ही लिहिलेला दोन्ही गालांवरचा आणि भुवयांमधला जडपणा तर विषाणूच्या सर्दीत अगदी नेहमीचा आहे. बोटाने गाल दाबून 'दुखतंय म्हणजे सायनस पिकला' असं ठरवणंही फसवं असतं. नाकातून घेतलेल्या स्वॅबचाही उपयोग नाही, कारण नाकात एरवीही राहणारे जीवाणू त्यात उगवतात आणि सायनसमध्ये काय आहे ते कळत नाही. खात्रीची एकच तपासणी म्हणजे सायनसमध्ये सुई घालून स्राव काढणं, आणि साध्या प्रकरणात ती कोणीच करत नाही, करूही नये. म्हणून व्यवहारात आम्ही दिवस आणि दिशा यांवरच भिस्त ठेवतो.

मागच्या वेळच्या तीन दिवसांबद्दल. तुम्हाला बरं वाटलं हे खरंच आहे, माझी शंका फक्त श्रेय कोणाचं यावर आहे. लोक औषध घेतात ते त्रास शिगेला असताना, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी. तिथून तीन दिवसांत आठवा-नववा दिवस येतो आणि साध्या सर्दीत तो दिवस उताराचाच असतो. गोळी घेतली नसती तरी कदाचित तितकंच बरं वाटलं असतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन दिवसांच्या कोर्सचं तर हे गणित हमखास जुळतं. त्यातून वाईट असं की न्यूमोकोकसमध्ये या औषधाला दाद न देणारे प्रकार इतके वाढलेत की सायनससाठी पहिलं औषध म्हणून ते देऊ नये असं मार्गदर्शक सूचनाही सांगतात. खरी गरज पडलीच तर सुरुवात अमॉक्सिसिलिनने, क्लॅव्ह्युलॅनेटसह किंवा त्याशिवाय, करतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं, त्यासाठी वेगळी औषधं आहेत. घरात उरलेल्या चार गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. अर्धवट मात्रेने आजार झाकला जातो आणि नंतर तपासणाऱ्याला चित्र कळेनासं होतं.

समजा उद्या-परवा दहा दिवस पूर्ण झाले आणि खरंच तसूभरही सुधारणा नाही. तरी त्याच संध्याकाळी गोळी सुरू व्हायलाच हवी असं नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. एरवी प्रकृती चांगली असलेल्या, फार ताप नसलेल्या प्रौढाला निदान झाल्यावरही आणखी सात दिवसांपर्यंत लक्ष ठेवून थांबण्याचा पर्याय देता येतो. कारण जीवाणूंचा सायनुसायटिसही बऱ्याचदा शरीर स्वतःच निपटतं. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सायनुसायटिसची लक्षणं असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्मे जण अँटिबायोटिकशिवाय एका आठवड्यात बरे झालेले दिसले आणि दोन आठवड्यांत साधारण तीनापैकी दोन. अँटिबायोटिक दिल्याने शंभरात पाच ते अकरा जण जास्त लवकर बरे झाले, तर शंभरात सुमारे तेरा जणांना जास्तीचा त्रास झाला, मुख्यतः पोटाचा. हे आकडे मी रुग्णासमोर ठेवतो आणि निर्णय दोघं मिळून घेतो. पुष्कळदा मी प्रिस्क्रिप्शन लिहून हातात देतो आणि सांगतो की आणखी काही दिवस पाहा, सुधारणा नाही झाली किंवा बिघडलं तरच सुरू करा. त्यातले अनेक जण ते औषध आणतच नाहीत.

मात्र थांबण्याचा हा पर्याय सगळ्यांसाठी नाही. मधुमेह ताब्यात नसणारे, केमोथेरपी चालू असलेले, प्रत्यारोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे, यांनी दिवस मोजत घरी बसू नये. त्यांच्यात जीवाणूंखेरीज बुरशीचा संसर्गही होऊ शकतो आणि तो दिवसांत नव्हे, तासांत पसरतो. नाकात काळी खपली, गाल बधिर होणं, टाळूला काळा डाग ही त्याची लक्षणं.

थांबायच्या दिवसांत करायचं काय? नाक धुणं हा मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटणारा उपाय आहे. साधारण पाव लिटर पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं, नळाचं थेट पाणी कधीही नाही. अशा पाण्यातून नाकावाटे शिरणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा अत्यंत दुर्मीळ आहे, पण तो मेंदूपर्यंत गेला तर जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळलं की ही भीती राहत नाही. कोमट करून दिवसातून एक-दोनदा, पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत, एका नाकपुडीतून सोडून दुसरीतून येऊ द्यायचं. नंतर जोरात शिंकरू नका, कानावर दाब येतो. बाटली रोज धुऊन वाळवा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरतं. दहा दिवसांनंतरही चोंदलेपणा हटत नसेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे साधारण दोन आठवड्यांसाठी देतात. त्याचा फायदा मोजकाच असतो आणि तो हळूहळू दिसतो, दोन दिवसांत स्प्रे 'लागू पडत नाही' म्हणून सोडू नये.

पण एक स्प्रे असा आहे की त्याच्याविषयी वेगळं विचारायलाच हवं: झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचा, नाक दोन मिनिटांत मोकळं करणारा. तुम्ही तो वापरताय का, आणि किती दिवस? हा थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतो. तीन ते पाच दिवसांपुढे वापरला तर असर उतरल्यावर त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, नाक पुन्हा बंद होतं, माणूस पुन्हा थेंब घालतो आणि चक्र सुरू होतं. बाराव्या, पंधराव्या, विसाव्या दिवशी 'सायनस बरा होत नाही' म्हणून येणाऱ्यांत असे कितीतरी असतात. त्यांना ना ताप असतो, ना पू, ना चेहऱ्याचं दुखणं. असतं ते फक्त चोंदलेलं नाक, जे थेंब घातल्यावर तासाभरासाठी मोकळं होतं. आत पाहिलं तर अस्तर लालभडक, सुजलेलं दिसतं. याला कोणतंही अँटिबायोटिक उपयोगी पडत नाही. थेंब बंद करणं हाच उपाय, आणि त्या काळात स्टेरॉइड स्प्रेचा आधार घेता येतो. पहिले काही दिवस नाक फार चोंदतं, मग सुटतं. रात्र फारच अवघड जात असेल तर आधी एकाच नाकपुडीतला थेंब बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीतला.

निव्वळ चोंदलेलं नाक दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर याच्याशिवाय अ‍ॅलर्जीचाही विचार करतो. त्यात शिंका, डोळ्यांना-टाळूला खाज आणि पाण्यासारखा स्राव जास्त असतो, ताप नसतो. लहान मुलांत आणखी एक गोंधळ होतो. एक सर्दी संपते न संपते तोच दुसरी लागते आणि आईबाबांना वाटतं एकच सर्दी महिनाभर चालू आहे. मध्ये तीन-चार दिवस तरी नाक कोरडं होतं का, हे विचारलं की बहुतेकदा उलगडा होतो. लक्षणं चार आठवड्यांच्या पुढे टिकली तर दुर्बिणीने नाक तपासून घ्यावं, आणि बारा आठवडे ओलांडले तर तो जुनाट सायनुसायटिस. त्याची कारणं आणि उपचार वेगळे, आणि ठरावीक आठवड्याचं अँटिबायोटिक तिथे पुरत नाही. एकाच बाजूने, दुर्गंधी असलेला स्राव सतत येत असेल तर प्रौढाने वरच्या दाढा तपासून घ्याव्यात. लहान मुलाच्या बाबतीत नाकात मणी, खोडरबर, स्पंजचा तुकडा असं काही अडकलंय का ते आधी पाहतात.

काही लक्षणं दिसली तर मात्र सर्दीचा कितवा दिवस आहे हे बघायचंच नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. डोळ्याच्या पापण्या किंवा डोळ्याभोवतीचा भाग सुजून लाल होणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, डोळा फिरवताना दुखणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं किंवा दिसणं कमी होणं. डोळा आणि त्याच्या आतल्या बाजूचे सायनस यांच्यात कागदासारखं पातळ हाड असतं, त्यातून संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरायला वेळ लागत नाही, मुलांमध्ये तर विशेष. तसंच कपाळावर मऊ, दुखरी सूज येणं, सहन न होणारी डोकेदुखी, मान ताठ होणं, सारख्या उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. इथे सीटी स्कॅन, शिरेतून औषध आणि कधी तातडीची शस्त्रक्रिया लागते.

तुमच्यासाठी आता एवढं करा. आजपासून रोज रात्री तीन गोष्टी लिहा: त्रास दहापैकी किती, ताप किती, झोपेत किती वेळा नाकामुळे जाग आली. मागचे चार-पाच दिवस आठवतील तसे आधी भरून घ्या. आकडा हळूहळू का होईना खाली येत असेल तर चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंत निर्धास्त थांबा. अकराव्या दिवशी तो आहे तिथेच असेल तर तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. खाली येऊन एकदम वर उसळला, किंवा ताप परत आला, तर अकराव्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच दाखवा. आणि नाक मोकळं करणारा थेंब चालू असेल तर तो किती दिवस चालू आहे हेही त्याच कागदावर लिहा.